गळकी भिंत आणि बिल्डरला पाठवायचा मेल

‘सर, बेडरूममध्ये लिकेज आहे, प्लीज बघा ना.’ सोबत एक हललेला फोटो आणि हात जोडल्याची खूण. नव्या इमारतीत राहायला आलेल्या घरमालकाची पहिली तक्रार बहुधा अशी व्हॉट्सअॅपवरून जाते, आणि तीही ज्याने फ्लॅट विकला त्या सेल्सच्या मुलाला. तो मुलगा भला असतो. ‘हो मॅडम, टीम पाठवतो,’ म्हणतो आणि खरंच पाठवतो. टीम म्हणजे एक रंगारी आणि पुट्टीचा डबा. भिंत खरवडली जाते, पुट्टी भरली जाते, वर रंगाचे दोन हात. दिवाळीत भिंत छान दिसते. जूनमध्ये डाग पुन्हा त्याच जागी उगवतो. तोवर सेल्सचा मुलगा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि बिल्डरच्या ऑफिसातली नवी मुलगी विचारते, ‘तुमची आधीची काही कंप्लेंट आमच्या सिस्टिमला दिसत नाहीये. मेल केला होता का?’

हा प्रश्न कितीही चीड आणणारा असला तरी कायद्याच्या दृष्टीने रास्त आहे. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४(३) सांगतं, की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष घरमालकाने प्रवर्तकाच्या निदर्शनास आणला, तर प्रवर्तकाने तो जादा पैसे न घेता तीस दिवसांत दुरुस्त करायचा. नाही केला तर घरमालक भरपाईला पात्र ठरतो. सगळी मदार दोन तारखांवर आहे: ताबा कधी मिळाला आणि दोष निदर्शनास कधी आणला. पहिली तारीख ताबापत्रावर असते. दुसरी घरमालकाने स्वतः तयार करायची असते, आणि तक्रारीच्या मेलचं मुख्य काम हेच आहे. राग व्यक्त करणं हे त्याचं काम नव्हे, जरी तो राग शंभर टक्के खरा असला तरी.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण पुण्याच्या पश्चिमेकडच्या कुठल्याही नव्या सोसायटीत शोभेल असं. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट ए-७०२, नवरा-बायको दोघांच्या नावावर. ताबा १२ नोव्हेंबर २०२१ ला मिळाला, म्हणजे पाच वर्षं नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतील. २०२४ च्या पावसाळ्यात मास्टर बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल आली, ऑक्टोबरमध्ये रंगारी येऊन गेला, आणि २०२५ च्या जूनमध्ये डाग परत आला. आता मालकीणबाई मेल लिहायला बसल्या आहेत.

पहिला प्रश्न मजकुराचा नाही, पत्त्याचा आहे. महाराष्ट्रातल्या नमुना करारात नोटिशीचं एक कलम असतं. त्यात दोन्ही पक्षांचे टपालाचे पत्ते आणि ‘नोटिफाइड’ ईमेल आयडी दिलेले असतात, आणि त्यावर पाठवलेली सूचना बजावली गेली असं धरलं जातं. करार शंभर पानी असतो आणि हे कलम शेवटाकडे असतं, म्हणून ते कोणी वाचत नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम १३ इथे फार महत्त्वाचा भेद करतं. समोरच्याने मेल स्वीकारण्यासाठी जो पत्ता नेमून दिला आहे, त्यावर मेल पोहोचला की तो त्याच क्षणी मिळाला असं मानलं जातं. त्याने उघडला की नाही याला महत्त्व नाही. मात्र मेल त्याच्या दुसऱ्याच एखाद्या पत्त्यावर गेला, तर तो प्रत्यक्ष काढून घेईल तेव्हाच मिळाला असं धरतात. सेल्सच्या मुलाच्या खासगी पत्त्यावर पाठवलेला मेल म्हणूनच लंगडा पडतो. मालकीणबाईंनी करारातला पत्ता ‘प्रति’मध्ये घालावा, कस्टमर केअरचा पत्ताही सोबत ठेवावा, आणि प्रत नवऱ्याला व सोसायटीच्या सचिवांना पाठवावी. नवऱ्याला कारण तो सहमालक आहे. सचिवांना कारण बाहेरची भिंत ही सामाईक जागा आहे, आणि उद्या बिल्डर हमखास म्हणणार आहे की सोसायटीने झुला बांधायला परवानगी दिली नाही. करारात टपालाचाही उल्लेख असेल तर त्याच मेलची छापील प्रत पोच मिळेल अशा टपालाने धाडावी; खर्च थोडा आणि वादाचा एक मुद्दा कमी.

आता विषयाची ओळ. बिल्डरच्या ऑफिसात हा मेल उघडणारी व्यक्ती दिवसभर अशाच तक्रारी वाचत असते, आणि मोबाइलवर तिला विषयाचे पहिले चार-सहा शब्दच दिसतात. ‘तक्रार’, ‘अर्जंट!!!’, ‘शेवटची ताकीद’ या ओळींतून तिला काहीच कळत नाही: कोणता फ्लॅट, काय झालंय, कधीपर्यंत काय करायचंय. म्हणून फ्लॅटचा क्रमांक सर्वांत आधी, मग दोष आणि जागा, मग कलम, शेवटी तारीख:

‘ए-७०२: पश्चिम भिंतीतून पावसाची गळती, कलम १४(३) नुसार दुरुस्ती, पाहणी ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत’

ओळ लांब आहे, पण तुटली तरी महत्त्वाचं आधी येऊन गेलेलं असतं. आणि एकदा ठरवलेली ही ओळ पुढे बदलायची नाही. पुढचा प्रत्येक मेल याच मेलला उत्तर म्हणून जावा. विषय बदलला की जीमेल नवी साखळी सुरू करतं, आणि वर्षभराने सगळं एकत्र छापायची वेळ आली की तुकडे शोधत बसावं लागतं.

घटनांची मांडणी हा मेलचा गाभा, आणि लोक सर्वांत जास्त इथेच घसरतात. ‘गेली दोन वर्षं सतत गळतंय, निकृष्ट बांधकाम आहे, मुलं आजारी पडतात’ हे वाचायला जोरदार वाटतं, पण इंजिनिअरच्या हाताला त्यातून काही लागत नाही. उलट ‘सतत’ हा शब्द तक्रारदाराच्याच अंगाशी येऊ शकतो. भिंत ओली होण्याची कारणं अनेक. भिंतीत गाडलेली पाण्याची लाइन फुटली असेल तर पाऊस असो-नसो, ओल कायम राहते. वरच्या मजल्याच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर डाग छताकडून उतरतो आणि वरचे लोक गावाला गेले की सुकतो. बाहेरच्या प्लास्टरला तडा असेल तर ओल पावसासोबत येते, विशेषतः वाऱ्याने झोडपणाऱ्या पावसासोबत, आणि उघडीप मिळाली की ओसरते. ‘सतत’ म्हटलं की बिल्डरला पहिली दोन कारणं पुढे करता येतात: पाइप तुम्ही नंतर बदलला असेल, वरच्यांनी टाइल्स फोडल्या असतील. तारखांनी मांडलं तर भिंत स्वतःच सांगते की पाणी कुठून येतं.

त्यामुळे कोरड्या दिवसांची नोंदही ओल्या दिवसांइतकीच मोलाची ठरते. डाग किती मोठा हे टेप लावून मोजावं. फोटोत टेप दिसावी, आणि एक फोटो लांबून घ्यावा म्हणजे खोली ओळखू येईल. मूळ फोटो फोनमधून पुसू नयेत, कारण फोटो कधी काढला ही माहिती मूळ फाइलमध्ये असते आणि नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सअॅपवरून पाठवताना ती गळून पडते. फोटो मेललाच जोडावेत. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठं काही जोडलं की ते ड्राइव्हची लिंक बनतं, आणि लिंक उद्या उघडली नाही तर पुराव्याची पंचाईत. सहा-सात नेमके फोटो पुरतात.

मालकीणबाईंचा मेल असा झाला:

‘महोदय,

आम्ही आपल्या प्रकल्पातील फ्लॅट ए-७०२ चे मालक आहोत. ताबा दिनांक १२ नोव्हेंबर २०२१ (ताबापत्राची प्रत जोडली आहे). मास्टर बेडरूमच्या पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीतून पावसाचे पाणी आत येत आहे. तपशील असा:

जुलै २०२४: खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात प्रथम ओल. आपल्या प्रतिनिधींना व्हॉट्सअॅपवर कळवले (संदेशांची प्रत जोडली आहे).

१९ ऑक्टोबर २०२४: आपल्या कामगारांनी आतून पुट्टी व रंग केला. बाहेरून काम झाले नाही.

१६ जून २०२५: पावसानंतर त्याच जागी ओल, सुमारे २ फूट × १ फूट (फोटो १, २).

२ ते ५ जुलै २०२५: पाऊस नव्हता. ५ तारखेला भिंत हाताला कोरडी (फोटो ३).

६ जुलै २०२५: वाऱ्यासह पाऊस. संध्याकाळपर्यंत डाग ४ फूट × २ फूट, रंगाचे पापुद्रे सुटले (फोटो ४, ५).

२४ जुलै २०२५: सोसायटीच्या प्लंबरने पाहणी केली. या भिंतीत पाण्याची लाइन नाही. वरच्या ए-८०२ मध्ये याच जागी बाथरूम नाही. बाहेरून तुळई आणि भिंत यांच्या सांध्यावर आडवा तडा दिसतो (फोटो ६).

या भिंतीत किंवा खिडकीत आम्ही कोणताही बदल केलेला नाही.

रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार हा दोष आपल्या निदर्शनास आणत आहोत. आमची मागणी:

१. ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत आपल्या इंजिनिअरने पाहणी करावी आणि कारण लेखी कळवावे.

२. २९ ऑगस्ट २०२५ पर्यंत पाणी शिरण्याचे कारण बाहेरून दूर करावे, व भिंतीवर पाणी मारून चाचणी आमच्यासमोर घ्यावी.

३. त्यानंतर आतील खराब प्लास्टर व रंग पूर्ववत करावा.

पाहणीसाठी आम्ही रोज सायंकाळी ६ नंतर आणि शनिवार-रविवार दिवसभर घरी आहोत. मुदतीत दुरुस्ती किंवा लेखी कार्यक्रम न मिळाल्यास महारेराकडे तक्रार दाखल करू.’

खाली दोघांची नावं, फोन आणि जोडलेल्या कागदांची यादी. मेल २८ जुलैला, सोमवारी सकाळी गेला.

या मेलमध्ये काय नाही तेही पाहण्यासारखं आहे. ‘निकृष्ट’ नाही, ‘फसवणूक’ नाही, टीव्हीवाल्यांना बोलावण्याची धमकी नाही. तडा दिसतो हे निरीक्षण आहे. तो का पडला हा तर्क, आणि तो बिल्डरच्या इंजिनिअरवर सोपवला आहे. ‘आम्ही बदल केलेला नाही’ हे मात्र मुद्दाम घातलंय. बऱ्याच करारांत घरमालकाने स्वतः केलेल्या तोडफोडीमुळे आलेला दोष जबाबदारीतून वगळलेला असतो, आणि ग्रिल ठोकलं, एसीसाठी भोक पाडलं, हे उत्तर बिल्डरच्या तोंडी तयारच असतं. भोक खरंच पाडलं असेल तर ते लपवू नये. डागापासून किती लांब आहे ते लिहावं.

मागणीची भाषाही नीट पाहावी. ‘भिंत रंगवून द्या’ असं लिहिलं असतं तर बिल्डरने रंगवली असती आणि मेलला उत्तर दिलं असतं: काम पूर्ण. ‘अमुक कंपनीचं वॉटरप्रूफिंग मारा’ असं लिहिलं असतं तर ते चुकलं तेव्हा दोष सुचवणाऱ्याच्या माथी आला असता. म्हणून मागणी पद्धतीची नाही, परिणामाची आहे: कारण शोधा, ते बाहेरून दूर करा, पाणी मारून दाखवा. आणि क्रम महत्त्वाचा. आतलं काम तिसऱ्या क्रमांकावर आहे, कारण बाहेरचा तडा बुजवायच्या आधी आतून रंग लावणं म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरची पुनरावृत्ती.

नुकसानभरपाईची मागणी पहिल्या मेलमध्ये नाही, यावर घरोघरी वाद होतात. गादी खराब झाली, कपाट फुगलं, ते पैसे का सोडायचे? सोडायचे नाहीतच. त्या वस्तूंचे फोटो आणि बिलं जपून ठेवावीत. पण कलमाची रचनाच अशी आहे की आधी दुरुस्तीची संधी, ती हुकली की भरपाई. आणि रेरा कायद्यात भरपाई ठरवण्याचं काम वेगळ्या निर्णय अधिकाऱ्याकडे आहे. पहिल्याच मेलमध्ये पाच लाख मागितले की तो मेल इंजिनिअरच्या टेबलावरून वकिलाच्या टेबलावर जातो, आणि भिंत तशीच ओली राहते.

मुदतीचा हिशेब जरा सावकाश पाहू. २८ जुलैपासून तीस दिवस मोजले तर २७ ऑगस्ट २०२५ येतो. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. कामगार गावाला, ऑफिस बंद, घरमालकांच्याही घरी पाहुणे. कायदा सणासाठी थांबत नाही, पण मुदत ठरवताना शहाणा माणूस कॅलेंडर पाहतो. म्हणून शुक्रवार, २९ ऑगस्ट. दोन दिवस जास्त दिल्याने काही गमावलं नाही, आणि ‘मुदत अवास्तव होती’ म्हणायला जागा उरली नाही. ‘४८ तासांत गळती थांबवा’ ही मुदत ऐकायला कडक, पण पाळणं अशक्य, आणि ती उलटली की तक्रारदारालाच पुढे काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा सात दिवसांत पाहणी ही मागणी कोणत्याही ऑफिसला जमण्यासारखी आहे, आणि ती टाळली तर बिल्डरचा हेतू तीन आठवडे आधीच कळतो.

आमच्या उदाहरणातल्या बिल्डरने ती टाळली नाही. २ ऑगस्टला इंजिनिअर आला आणि ८ तारखेला उत्तर आलं. तुळई काँक्रीटची, भिंत ब्लॉकची. दोन्हींचं आकुंचन-प्रसरण वेगळं. म्हणून त्यांच्या सांध्यावर प्लास्टरखाली जाळी बसवायची असते. ती इथे कमी पडली असावी आणि प्लास्टर फाटलं. बाहेरून खाच पाडून भरावी लागेल, मग जाळी, प्लास्टर आणि जलरोधक थर. पण हे भर पावसात करता येणार नाही, भिंत कोरडी हवी. काम दिवाळीनंतर करू.

ही टाळाटाळ आहे का? नाही. ओल्या भिंतीवर मारलेला थर धरत नाही, हे कोणताही गवंडी सांगेल. पण ‘दिवाळीनंतर’ ही तारीखही नव्हे. मालकीणबाईंनी त्याच साखळीत उत्तर दिलं: ‘आपली अडचण समजली. बाहेरचे काम ३ ते १५ नोव्हेंबर २०२५ दरम्यान होईल असे लेखी कळवावे. तोपर्यंत तडा तात्पुरता बंद करावा. ही मुदतवाढ केवळ हवामानामुळे या कामापुरती आहे. कलम १४(३) खालील आमचे हक्क अबाधित आहेत.’ शेवटचं अर्धं वाक्य वकिली वाटतं, पण ते हवंच. नाहीतर सौजन्याने दिलेली सवलत उद्या ‘त्यांनीच मुदत सोडली होती’ म्हणून वाचली जाते.

फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल पाठवायचा: ‘आज दुपारी आपल्या साइट इंजिनिअरने फोनवर सांगितले की शनिवारी झुला बसेल. समजण्यात चूक असल्यास कळवावे.’ फोनचं बोलणं असं कागदावर येतं. समोरच्याने खोडून काढलं नाही तर ते तसंच राहतं.

आणखी एक सापळा काम संपताना असतो. मुकादम एक कागद पुढे करतो: ‘काम समाधानकारक पूर्ण झाले, तक्रार नाही.’ नोव्हेंबरच्या उन्हात भिंत कोरडीच असणार. पाणी मारून घेतलेली चाचणी चांगली, पण सातव्या मजल्यावर वाऱ्याने आडवा येणारा पाऊस नळीने पुरता आणता येत नाही. सही नाकारून भांडण करण्यापेक्षा सहीवर आपल्या हाताने लिहावं: ‘काम झालेले पाहिले. पावसाळ्यातील खात्री बाकी.’ आणि कागदाचा फोटो साखळीत टाकून द्यावा. ए-७०२ च्या बाबतीत याला जास्तच महत्त्व आहे, कारण पाच वर्षं संपण्याआधी तिथे २०२६ चा एकच पावसाळा उरतो. त्या जूनमध्ये डाग दिसला तर त्याच विषयाच्या ओळीखाली, नव्या तारखेसह आणि नव्या फोटोंसह पुन्हा कळवायचं.

या कलमाच्या मर्यादाही आहेत. फ्लॅट दुसऱ्याकडून विकत घेतला असेल तरी कायद्याच्या व्याख्येत नवा मालक बसतो, मात्र पाच वर्षं पहिल्या ताब्यापासून मोजली जाण्याची शक्यता धरूनच चालावं. भाडेकरू या व्याख्येत बसत नाही. त्याने घरमालकाला कळवायचं आणि घरमालकाने बिल्डरला. रेराच्या कक्षेबाहेरच्या जुन्या इमारतींसाठी महाराष्ट्रात १९६३ चा मोफा कायदा आहे, पण त्यात दोष दाखवण्याची मुदत तीनच वर्षांची. आणि वरच्या शेजाऱ्याच्या बाथरूममधून गळत असेल, त्यात बांधकामाचा दोष नसेल, तर बिल्डरला नव्हे, शेजाऱ्याला आणि सोसायटीला लिहायचं. मेलचा साचा तोच राहील, फक्त कलम १४(३) गळेल आणि मुदत परस्पर समजुतीची होईल.

मुदत उलटली आणि उत्तरच आलं नाही, तर महारेराकडे कलम ३१ खाली ऑनलाइन तक्रार करता येते; शुल्क ५,००० रुपये. तिथे प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो, करार आणि ताबापत्र लागतं, आणि घटनाक्रम तारखांनी मागतात. मेलची साखळी एका पीडीएफमध्ये काढून जोडावी, पण मूळ मेल खात्यातून पुसू नयेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागू शकतं, आणि ते द्यायचं तर मूळ नोंद हाताशी असलेली बरी. घटनाक्रमाच्या रकान्यात मालकीणबाईंना नवीन काही लिहावं लागणार नाही; २८ जुलैच्या मेलमधल्या सहा नोंदी उतरवायच्या, आणि खाली त्यानंतरच्या तारखा जोडत जायच्या.